एकच्छाया : पेढीचें कर्ज आणि भागीदाराचें घर

लातूर हें नांव जुनें आहे. राष्ट्रकूट राजे स्वतःस लत्तलूरपुराचे अधिपति म्हणवीत. परंतु लातूरची पेठ त्या मानानें नवी. १९११ सालीं बार्शी लाईट रेल्वेचा अरुंद रूळ लातूरपर्यंत येऊन पोंचला आणि भोंवतालच्या तालुक्यांतील कापूस, भुईमूग, जवारी, करडई हा माल गाड्या भरभरून या गांवीं उतरूं लागला. गोदेच्या कांठीं नांदेडास मनमाड-हैद्राबादची आगगाडी त्यापूर्वींच आली होती. माल आला तशा आडती आल्या, सरकी काढण्याचे कारखाने आले, आणि यांस लागणारें भांडवल एका घरचें पुरेना म्हणून दोघे, तिघे, चौघे मिळून पेढ्या उघडूं लागले. एकानें पैसा घालावा, दुसऱ्यानें खेड्यापाड्यांतील ओळख आणावी, तिसऱ्यानें गादीवर बसून वही लिहावी, असा हा मेळ असे. करारपत्र पुष्कळदां नसेच. असलें तर वहीच्या पहिल्या पानावर चार ओळींत आण्यांच्या हिश्शानें मांडलेलें असे.

दिवाळीनंतर कापसाचा हंगाम लागला कीं पैशाची ओढ लागे. एक भागीदार गाडींत बसून नांदेडास किंवा हैद्राबादेस जाई, पेढीच्या नांवानें हुंडी लिही, आणि पैसे घेऊन येई. भाव चढला तर सर्वांचें भलें. भाव उतरला म्हणजे मात्र एक प्रश्न उभा राही. कर्ज काढलें एकानें, सही एकाची, बोलणें एकानें केलें. मग त्या व्यवहारांत जो हजरसुद्धां नव्हता त्या दुसऱ्या भागीदाराचें राहतें घर, वडिलोपार्जित जमीन, बायकोच्या नांवावर नसलेले दागिने, यांवर सावकाराचा हात पडूं शकतो काय?

या प्रश्नाचें उत्तर लातूरच्या शेजारींच, नऊशें वर्षांपूर्वीं, मोठ्या काळजीनें विचारांत घेतलें गेलें होतें, ही गोष्ट थोड्यांच्या ध्यानांत असते. निलंगा तालुक्याच्या दक्षिणेस, आज कर्नाटकांतील बीदर जिल्ह्यांत असलेलें बसवकल्याण हें चालुक्यांची राजधानी कल्याण. १०७६ ते ११२६ पर्यंत राज्य करणाऱ्या सहाव्या विक्रमादित्याच्या आश्रयास तेथें विज्ञानेश्वर होता. याज्ञवल्क्यस्मृतीवरील त्याची मिताक्षरा ही टीका पुढें हिंदुस्थानच्या बहुतेक भागांत वारसा आणि वांटणी यांचा आधारग्रंथ झाली, म्हणून लोक तिला वारशाचाच ग्रंथ समजतात. तिच्या व्यवहाराध्यायांत व्यापाऱ्यांच्या भागीदारीचें एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्याचें नांव संभूयसमुत्थान, म्हणजे अनेकांनीं एकत्र येऊन केलेला उद्योग.

या प्रकरणांतील नियम थोडे पण व्यवहारी आहेत. नफ्यासाठीं एकत्र आलेल्या व्यापाऱ्यांनीं नफा आणि तोटा आपापल्या घातलेल्या द्रव्याच्या मानानें घ्यावा, किंवा जसा करार असेल तसा घ्यावा. एखाद्यानें इतरांनीं मना केलेलें, न सांगितलेलें किंवा हयगयीनें काम करून माल घालविला तर त्यानें तो भरून द्यावा. उलट संकटांतून माल वांचविणाऱ्यास त्याचा दहावा हिस्सा मिळावा. जो कपटानें वागेल त्याला नफा न देतां काढून टाकावें, आणि ज्याला स्वतः काम झेपत नाहीं त्यानें तें दुसऱ्याकडून करवून घ्यावें. एवढें वाचलें म्हणजे एक गोष्ट स्पष्ट दिसते. हे सारे नियम भागीदारांच्या आपसांतील आहेत. दाराबाहेर उभा असलेला सावकार या प्रकरणांत कोठेंच नाहीं.

तो सावकार दुसऱ्या प्रकरणांत, ऋणादानांत, सांपडतो. आणि तेथें एक फार सुंदर शब्द भेटतो. एका कर्जास अनेक जण जामीन असतील तर काय करावें, असा प्रश्न आहे. जर त्यांनीं आपापले हिस्से ठरवून जामीनकी पत्करली असेल तर प्रत्येकानें आपल्या हिश्शापुरतेंच द्यावें. पण ते जर एकच्छायाश्रित असतील, एकाच छायेंत उभे राहिले असतील, तर धनकोनें आपल्या इच्छेस येईल त्याकडून सर्व रक्कम घ्यावी. विज्ञानेश्वरानें छाया म्हणजे सादृश्य असा अर्थ केला आहे. मूळ ऋणको जसा संपूर्ण रकमेस बांधलेला, तसाच यांतील प्रत्येक जण संपूर्ण रकमेस बांधलेला. अर्धा किंवा पाव नव्हे, तर प्रत्येक जण पुरता. मात्र ही छाया आपोआप पडत नसे. ती पत्करावी लागे, आणि ती पत्करली कीं नाहीं हें बोलण्यावरून व साक्षींवरून ठरे.

विज्ञानेश्वराच्या काळापासून इंग्रजी अमलापर्यंतचा पल्ला मोठा आहे, आणि त्यांत पेठेचा आचार गांवागांवानुसार चाले. निश्चित वळण लागलें तें १८७२ च्या हिंदी कराराच्या कायद्यानें. त्याच्या त्रेचाळिसाव्या कलमांत सांगितलें आहे कीं दोघांनीं किंवा अधिकांनीं मिळून एक वचन दिलें असेल, आणि उलट करार नसेल, तर वचन घेणाऱ्यानें त्यांपैकीं कोणाहि एकाकडून संपूर्ण वचन पुरें करून घ्यावें. एकच्छायेचाच हा नियम. फरक एवढाच कीं आतां छाया हा अपवाद न राहतां सामान्य नियम झाला, आणि हिश्शापुरती जबाबदारी पाहिजे असल्यास ती मुद्दाम लिहून घेण्याची पाळी आली.

ज्या इंग्लंडांतून कायदे येत होते त्या इंग्लंडांत या वेळीं निराळाच प्रकार होता, हें येथें सांगणें मनोरंजक होईल. तेथें भागीदारांचें कराराचें देणें संयुक्त मानीत. म्हणजे सर्व मिळून एकच देणें, आणि त्यावर एकच फिर्याद. केंडॉल नांवाच्या सावकारानें विल्सन व मॅक्ले या दोघांस कर्ज दिलें आणि त्यांच्यावर हुकूमनामा मिळविला. दोघे दिवाळखोर झाले. मग केंडॉलला कळलें कीं हॅमिल्टन नांवाचा एक धनवान गृहस्थ त्या धंद्यांत पडद्याआडून भागीदार होता. त्यानें हॅमिल्टनवर फिर्याद केली. १८७९ सालीं हाउस ऑफ लॉर्ड्सनें ती काढून टाकली. कारण असें दिलें कीं देणें एकच होतें, तें पहिल्या हुकूमनाम्यांत विलीन होऊन संपलें. आतां हॅमिल्टनवर फिर्याद करण्यास कांहीं उरलेंच नाहीं. ज्या सावकाराला तिसरा भागीदार ठाऊकच नव्हता त्याला त्या अज्ञानाची एवढी शिक्षा व्हावी, हें न्यायाला धरून दिसत नाहीं, आणि त्या बाकावरील एका न्यायाधीशासहि तें पटलें नाहीं. हिंदुस्थानांत त्रेचाळिसाव्या कलमामुळें हा सापळा उरला नाहीं. १९०० सालीं अलाहाबादच्या हायकोर्टानें तें स्पष्ट केलें : एकावर हुकूमनामा झाला तरी रक्कम वसूल होईपर्यंत दुसरा सुटत नाहीं.

पण कोणी कोणाला बांधतो हें कळलें तरी, बांधणारी गांठ कशी मारली जाते हें राहतें. त्याविषयींचा सर्वांत नांवाजलेला निकाल निजामाच्या हैद्राबादच्याच एका प्रकरणांतून निघाला. महाराजा सर किशनप्रसाद हे निजामाचे दिवाण. त्यांच्या खाजगी खजिन्याचें काम पाहणाऱ्या एका कामचलाऊ अधीक्षकानें कांहीं हुंड्या लिहिल्या. त्यांवर सही त्याची होती आणि सहीखालीं त्याचा हुद्दा होता. त्या हुद्द्यांत महाराजांचा उल्लेखहि होता. हुंड्यांचे पैसे येईनात तेव्हां पेढीवाल्यांनीं खुद्द महाराजांवर फिर्याद केली. प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलें आणि १९१८ सालीं निकाल लागला कीं महाराज या हुंड्यांस बांधलेले नाहींत. हुंडी हा हातोहात फिरणारा कागद आहे. ज्याच्या हातीं ती जाईल त्याला कोणाची पत पाहून ती घ्यावयाची हें कागदावरच वाचतां आलें पाहिजे. देणेकऱ्याचें नांव त्यावर असें स्पष्ट पाहिजे कीं सरळ अर्थानें तोच देणेकरी दिसावा. मी अमक्याचा नोकर, एवढें लिहिल्यानें अमका बांधला जात नाहीं. तो सहीवाल्याचा केवळ पत्ता ठरतो.

प्रकरण मालक-मुखत्याराचें असलें तरी नियम पेढ्यांसहि तंतोतंत लागू पडला. त्यामुळें हैद्राबाद-मुंबईच्या हुंडीबाजारांत सही कशी करावी याला मोल आलें. भागीदारानें पेढीचें नांव लिहून खालीं आपली सही केली तर सारे भागीदार बांधले. नुसतें आपलें नांव लिहिलें तर त्या हुंडीवर तो एकटा बांधला, मग पैसा पेढीच्या कापसांत गेलेला असो. अशा वेळीं सावकारापुढें एकच वाट उरे. हुंडी बाजूस ठेवून मूळ कर्जावर फिर्याद करावयाची आणि पैसा पेढीला म्हणूनच दिला होता हें रोजमेळांतून, पत्रांतून, साक्षींनीं सिद्ध करावयाचें. हें ओझें लहान नसतें.

१९३२ सालीं भागीदारीचा स्वतंत्र कायदा झाला. तो ब्रिटिश हिंदुस्थानास लागू होता. निजामाच्या राज्याचीं न्यायालयें व कायदे वेगळे होते. म्हणजे सोलापूरच्या पेढीस जो कायदा लागू, तो लातूरच्या पेढीस लागू नव्हता, जरी दोघांचा व्यवहार रोजचा होता. सप्टेंबर १९४८ मध्यें निजामी राजवट संपली. १९५० सालीं हैद्राबाद 'ब' वर्गाचें राज्य झालें, आणि १ एप्रिल १९५१ पासून हा कायदा त्या वर्गाच्या राज्यांस लागू करण्यांत आला. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला तेव्हां कायद्याच्या दृष्टीनें या बाबतींत बदलण्यासारखें कांहीं उरलें नव्हतें.

या कायद्याचा पंचविसावा नियम एका वाक्याचा आहे. प्रत्येक भागीदार तो भागीदार असतांना पेढीनें केलेल्या सर्व कृत्यांस इतरांसह संयुक्तपणें आणि शिवाय एकटाहि जबाबदार आहे. पेढीचें कृत्य म्हणजे काय, हा खरा वादाचा मुद्दा. पेढीच्या नेहमींच्या धंद्यास साजेसें आणि पेढीला बांधण्याच्या हेतूनें, पेढीच्या नांवें केलेलें काम तें पेढीचें काम. मालाची खरेदीविक्री करणाऱ्या दुकानाला हंगामांत उसनवारी लागतेच, म्हणून व्यापारी पेढीचा भागीदार कर्ज काढूं शकतो असें धरलें जातें. पण कायद्यानें कांहीं कामें एकट्या भागीदाराच्या हातांतून काढून घेतलीं आहेत. पेढीची जमीन किंवा इमारत विकणें, पेढीच्या नांवें ती घेणें, वाद पंचांकडे सोंपविणें, दाव्यांत पेढीची जबाबदारी कबूल करणें, पेढीचें खातें बँकेंत स्वतःच्या नांवानें उघडणें, या गोष्टी पेठेचा तसा रिवाज नसेल तर सर्वांच्या संमतीवांचून होत नाहींत.

एक उदाहरण घेऊन हें सारें पाहूं. समजा, लातूरच्या गंजांत तिघांची आडत आहे. थोरल्यानें वीस हजार घातले, मधल्यानें दहा हजार, धाकट्यानें पैसा घातला नाहीं. तो खरेदी पाहतो. नफातोट्यांत थोरल्याचे आठ आणे, बाकी दोघांचे चार चार आणे, असें वहींत लिहिलें आहे. त्याच पानावर असेंहि आहे कीं पांच हजारांवर कर्ज काढणें झाल्यास तिघांच्या सह्या पाहिजेत. मधला नांदेडास जातो आणि पेढीच्या नांवानें एकट्याच्या सहीनें चोवीस हजारांची चिठ्ठी लिहून देतो. कापूस घेतला जातो, भाव पडतो, पेढी बुडते. पेढीचा माल व येणें विकून वसूल होऊन या सावकारास सहा हजार मिळतात. अठरा हजार उरतात.

थोरला म्हणतो, पांच हजारांची मर्यादा होती. ती मर्यादा भागीदारांची आपसांतील आहे. नांदेडच्या सावकारास ती ठाऊक होती असें दाखवितां आलें तरच ती त्याच्या आड येते. सावकार हुकूमनामा घेतो आणि पेढीच्या मालमत्तेवर तो बजावल्यावर, ज्याला भागीदार म्हणून स्वतंत्र समन्स पोंचलें होतें त्या थोरल्याच्या घराकडे वळतो. तो तिघांच्या दारीं जाऊन हिस्से मागत बसत नाहीं. इच्छेस येईल त्याकडून, हा विज्ञानेश्वराचा नियम येथें प्रत्यक्ष चालतांना दिसतो. थोरला अठरा हजार भरतो.

आतां आपसांतील हिशेब सुरू होतो. बुडालेलें भांडवल क्षणभर बाजूस ठेवलें, तर अठरा हजारांत थोरल्याचा वांटा नऊ हजार, मधल्याचा साडेचार, धाकट्याचा साडेचार. म्हणून थोरला दोघांकडून प्रत्येकी साडेचार हजार मागूं शकतो. मधल्यानें मर्यादा मोडली, म्हणून त्याजवर त्याहून अधिक भरपाईचा दावाहि तो करूं शकेल. मना केलेल्या कामानें झालेली हानि करणाऱ्यानें भरावी, हा संभूयसमुत्थानाचा जुनाच नियम. पण धाकट्याच्या घरीं कांहीं नसेल तर त्याच्या साडेचार हजारांचा कागद थोरल्याच्या पेटींत पडून राहतो, आणि तो तोटा सावकाराच्या नव्हे, उरलेल्या भागीदारांच्याच माथीं येतो. ज्याच्याजवळ अधिक आहे त्याच्याकडूनच अधिक जातें, मग वहींत आणे कितीहि लिहिलेले असोत.

वहींत आणे लिहिलेच नसते तर? येथें जुना आणि नवा कायदा फांकतात, आणि पुष्कळ घरें याच ठिकाणीं फसलीं आहेत. याज्ञवल्क्याच्या नियमानें करार नसल्यास नफातोटा भांडवलाच्या मानानें वांटला जाई. धाकट्याच्या वांट्यास कांहीं आलें नसतें. आजचा कायदा करार नसल्यास सर्वांचा वांटा समान धरतो, भांडवल कितीहि कमीजास्त असो. मग प्रत्येकाचे सहा हजार. थोरल्यास तें सोईचें वाटेल, पण नफ्याच्या वर्षींहि हाच समान वांटा लागू असतो, हें तो विसरतो.

थोरला दोन वर्षांपूर्वींच पेढींतून बाहेर पडला असता तर? भावाभावांत बोलून, वहींत हिशेब मिटवून, सुपारी फोडून बाहेर पडण्याची रीत पेठांत फार. पण बाहेर पडल्याची जाहीर सूचना दिल्याखेरीज, जो त्यास भागीदार म्हणून ओळखत होता त्या सावकाराच्या दृष्टीनें तो आंतच असतो. पेढी नोंदलेली असेल तर ही सूचना निबंधकाकडे, सरकारी गॅझेटांत आणि त्या भागांतील निदान एका देशी भाषेच्या वर्तमानपत्रांत द्यावी लागते. दोन वर्षांनीं काढलेलें हें कर्ज सूचना न दिल्यामुळें त्याच्या घरावर येऊन आदळतें. जुन्या पाटीवर त्याचें नांव तसेंच राहूं दिलें असेल, तर तें आणखी एक कारण. उलट सावकार त्यास भागीदार म्हणून कधीं ओळखतच नव्हता, आणि पाटीवरहि नांव नव्हतें, तर बाहेर पडल्यानंतरच्या कर्जास तो बांधला जात नाहीं.

धाकटा अज्ञान असतां त्याला नफ्यापुरता पेढींत घेतलें असेल तर त्याच्या घराला हात लागत नाहीं. पेढींतील त्याच्या वांट्यापुरतीच जबाबदारी राहते. मात्र तो वयांत आल्यावर, किंवा आपण पेढींत आहोंत हें त्यास उशीरां कळलें तर तें कळल्यावर, सहा महिन्यांत राहणार कीं नाहीं हें त्यानें जाहीर केलें नाहीं, तर तो पुरता भागीदार होतो, आणि तोहि मागील तारखेपासून. अज्ञानपणीं त्याला पेढींत घेतलें त्या दिवसापासूनच्या सर्व देण्यांस. वयांत येण्याचा दिवस पेढीच्या वहींत क्वचितच कोणी लिहून ठेवतो.

पेढी नोंदविलेली नसली तर आपण सुटलों, असा एक समज पेठेंत आढळतो. तो नेमका उलटा आहे. न नोंदविलेल्या पेढीस दुसऱ्यावर करारावरून फिर्याद करतां येत नाहीं; दुसऱ्याला मात्र तिच्यावर आणि तिच्या भागीदारांवर करतां येते. म्हणजे सावकाराचें देणें द्यावें लागतें आणि खेडुताकडील आपलें येणें मागतां येत नाहीं.

एका धनकोची गोष्ट राहिली. थोरल्याचें स्वतःचें, लेकीच्या लग्नाचें कर्जहि असेल. मग त्याच्या घरावर पहिला हक्क कोणाचा? पेढीचें देणें आधीं पेढीच्या मालांतून, आणि भागीदाराचें स्वतःचें देणें आधीं त्याच्या स्वतःच्या मालांतून, असा नियम आहे. आणि जे उरेल तें दुसऱ्या बाजूस जाईल. म्हणून लग्नाचे पैसे देणाऱ्या शेजाऱ्यास घराच्या किंमतींतून आधीं मिळावयाचे, नांदेडच्या सावकारास त्यानंतर. पण यासाठीं शेजाऱ्यानें वेळेवर न्यायालयांत उभें राहिलें पाहिजे, आणि लेकीच्या लग्नाच्या कर्जाचा कागद बहुधा कोणी केलेला नसतो.

२००८ सालीं मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीचा नवा कायदा झाला. त्याखालीं नोंदविलेल्या संस्थेंत एका भागीदाराच्या कर्जासाठीं दुसऱ्याचें घर जात नाहीं. परंतु ती संस्था कायद्याच्या दृष्टीनें निराळी व्यक्ति असते. गंजाच्या गोलाईंत दोघांच्या किंवा तिघांच्या नांवानें चाललेली साधी आडत त्या कायद्याखालीं येत नाहीं. तिला १९३२ चाच कायदा लागू आहे, आणि सावकाराला इच्छेस येईल त्या भागीदाराच्या दारीं जाण्याची मोकळीक आहे.